मुताझिला: न्यायी ईश्वराचा हट्ट आणि दोनशे वर्षांची पीछेहाट

रेवती_ना (धागाकर्ती)

इ. स. 995 मध्ये आजच्या तेहरानजवळच्या रय्य शहरात साहिब इब्न अब्बाद वारला. बुवैही घराण्याचा हा वजीर विद्वानांचा मोठा आश्रयदाता होता आणि विचाराने मुताझिला होता. काझी अब्दुल जब्बार यांना बोलावून रय्यच्या मुख्य काझीपदावर त्यानेच बसवलं होतं. तो गेल्यावर सगळे ‘ईश्वर त्याच्यावर दया करो’ म्हणत होते, पण काझींनी तसं म्हणायला नकार दिला, असं इतिहासकारांनी नोंदवलंय. त्यांचं कारण एकच होतं: मरण्याआधी त्याने पश्चात्ताप केल्याचं दिसलं नाही. लोकांनी काझींना कृतघ्न ठरवलं, बुवैही अमिराने पदावरून काढलं आणि मालमत्ताही जप्त केली.

मुताझिलांची ओळख करून देताना मी इथूनच सुरुवात करते, कारण आपल्याकडे त्यांच्याबद्दल जे थोडंफार लिहिलं जातं ते ‘इस्लाममधले बुद्धिवादी’, ‘उदारमतवादी’ एवढ्यावर थांबतं. बुद्धिवादी ते होतेच. पण त्यांची बुद्धी त्यांना जिथे घेऊन गेली ती जागा मवाळ नव्हती.

सुरुवात आठव्या शतकातल्या बसऱ्यातली. प्रश्न असा होता की घोर पाप केलेला मुसलमान मुसलमान राहतो का? खारिजी म्हणत की नाही, तो काफिर झाला. मुर्जिई म्हणत की राहतो, त्याचा निवाडा ईश्वरावर सोडा. हा प्रश्न केवळ पोथीतला नव्हता. आधीच्या शतकात प्रेषितांचे सहकारीच एकमेकांविरुद्ध लढले होते, गादीवरच्या उमय्यांचे जुलूम लोक पाहत होते. ‘पापी राज्यकर्ता मुसलमान आहे का’ याच्या उत्तरावर बंड करायचं की नाही हे ठरत होतं. वासिल इब्न अता यांनी तिसरं उत्तर दिलं: असा माणूस श्रद्धावानही नाही आणि काफिरही नाही, तो दोहोंच्या मधल्या जागी आहे. हे बोलून ते हसन अल-बसरींच्या बैठकीतून उठून दुसऱ्या खांबाशी जाऊन बसले, अशी गोष्ट सांगतात. तीच गोष्ट दुसऱ्यांच्या नावावरही सांगितली जाते, त्यामुळे खांबाचा तपशील मी फार धरून ठेवत नाही. उत्तर मात्र टिकलं.

पुढे शंभरेक वर्षांत अबुल हुझैल यांच्या काळात या विचाराला पाच तत्त्वांचा साचा मिळाला. ईश्वराचं एकत्व, ईश्वराचा न्याय, वचन आणि धमकी, पाप्याची मधली जागा, आणि सत्कर्माची आज्ञा देऊन दुष्कर्माला अटकाव करणं. पाचही मान्य असल्याशिवाय कुणाला मुताझिला म्हणायचं नाही, असं नवव्या शतकाच्या अखेरीस अल-खय्यात यांनी स्पष्ट लिहिलं.

या पाचांना सारखं वजन नाही. ते स्वतःला ‘न्यायाचे आणि एकत्वाचे लोक’ म्हणवत, आणि माझ्या मते खरी किल्ली न्यायात आहे. त्यांचा युक्तिवाद असा चालतो. खोटं बोलणं वाईट, निरपराध्याला शिक्षा करणं वाईट, हे कुठलाही धर्मग्रंथ न वाचलेल्या माणसालाही कळतं. म्हणजे चांगलं-वाईट हे ईश्वराच्या आज्ञेने ठरत नाही. ते तसं आहे म्हणून ईश्वर तशी आज्ञा देतो. आता समजा कुणी म्हणालं की नाही, ईश्वराने सांगितलं म्हणूनच खोटं वाईट. मग ईश्वर स्वतः खोटं बोलणार नाही हे कशावरून? ग्रंथात तसं लिहिलंय म्हणून, असं म्हणावं तर तो ग्रंथ खरा असल्याची हमी त्याच ग्रंथातून घ्यावी लागते. या चक्रातून सुटायचं असेल तर ग्रंथ उघडण्याआधी बुद्धीने दोन गोष्टी सिद्ध व्हायला हव्यात: ईश्वर आहे आणि तो न्यायी आहे. म्हणूनच प्रौढ, समजत्या माणसाचं पहिलं कर्तव्य काय, याचं अब्दुल जब्बार यांचं उत्तर नमाज किंवा रोजा नाही, विचार करणं हे आहे.

एकदा न्याय धरला की बाकीचं ओघाने येतं. माणूस आपली कृत्यं स्वतः करतो, ती ईश्वर त्याच्याकडून करवून घेत असेल तर शिक्षा अन्यायाची ठरेल. ईश्वराने सत्कर्माला स्वर्गाचं वचन दिलंय आणि पाप्याला नरकाची धमकी. वचन मोडणं हा खोटेपणा, आणि धमकी मागे घेणं हाही खोटेपणाच. म्हणून पश्चात्तापाशिवाय मेलेला घोर पापी कायम नरकात राहणार, त्याला कुणाची शिफारस उपयोगी नाही. रय्यमधल्या त्या दिवशी काझी गप्प का राहिले ते यावरून कळेल.

त्याच न्यायाची दुसरी बाजूही सांगायला हवी. लहान मुलाला होणारं दुखणं, रोगराई, यांची भरपाई ईश्वराने करायलाच हवी असं ते मानत. कुर्बानीत कापल्या जाणाऱ्या जनावराला जी वेदना होते तिचीसुद्धा, कारण ती परवानगी ईश्वराने दिली. जनावरांना पारलौकिक भरपाई देणारी ही विचारसरणी मला फार लोभस वाटते.

मग हे लोक संपले कसे? नेहमीचं उत्तर ‘मिहना’. 833 मध्ये खलिफा मामूनने बगदादच्या अधिकाऱ्याला पत्र लिहून काझी आणि विद्वानांची तपासणी लावली: कुराण निर्मित आहे हे मान्य करता की नाही? मागचं तर्कशास्त्र एकत्वाचं होतं, म्हणजे ईश्वराशिवाय अनादि असं दुसरं काहीच असू शकत नाही, त्याची वाणीसुद्धा नाही. अहमद इब्न हनबल यांनी ‘ती ईश्वराची वाणी आहे’ याच्यापुढे एक शब्द बोलायला नकार दिला. त्यांना बेड्या घालून नेलं, तुरुंगात टाकलं, पुढच्या खलिफाच्या काळात फटके मारले. मुतवक्किल गादीवर आल्यावर काही वर्षांत हे सगळं थांबलं आणि अहमद लोकांचे नायक झाले.

पण यात अडचण आहे. ही तपासणी पंधरा-सोळा वर्षांत संपली आणि मुताझिलांचे सर्वांत मोठे विचारवंत त्यानंतरचे आहेत. अल-जुब्बाई बापलेक दहाव्या शतकातले, अब्दुल जब्बार 1025 मध्ये गेले. मिहनाने बदनामी केली हे खरं, पण मृत्यू तिथे नाही. माझं म्हणणं असं की हा विचार पुढच्या दोनशे वर्षांत एकेक आसरा गमावत गेला. विरोधकांनी त्याची हत्यारं उचलली, राज्यकर्त्यांनी पाठ फिरवली, आणि सामान्य श्रद्धावानाला हवं असलेलं काहीतरी त्याच्याकडे नव्हतं. तुम्हाला काय वाटतं?

तर्कट

लेख आवडला. पण शेवटी गोष्ट तीच ना? विवेकवादी लोक होते, सनातन्यांनी त्यांना चिरडलं. मुताझिला जिंकले असते तर इस्लाममध्ये प्रबोधन झालं असतं, आज चित्र वेगळं दिसलं असतं. इब्न हनबलसारख्या पोथीनिष्ठ माणसाला नायक करणाऱ्या समाजाचं आणखी काय होणार?

रेवती_ना

तर्कट, फटके मारणारे कोण होते ते बघा. तुरुंग ‘विवेकवाद्यां’च्या बाजूच्या सरकारचा होता. 846 मध्ये अहमद इब्न नस्र अल-खुझाई यांचं शिर उडवलं गेलं तेव्हाही. इमाम शाफिईंचे शिष्य अल-बुवैती याच प्रश्नापायी बगदादच्या तुरुंगात मेले. सक्तीने मत वदवून घेणाऱ्यांनी प्रबोधन आणलं असतं असं मला म्हणवत नाही. शिवाय पाचवं तत्त्व, दुष्कर्माला अटकाव करण्याचं, गरज पडली तर बळाने, हे त्यांचंच होतं.

मात्र तुमच्या म्हणण्यात एक खरं आहे. न्याय ईश्वराच्या मर्जीवर सोडायचा की मर्जीलाही न्यायाने बांधायचं, या वादात दुसरी बाजू जिंकली आणि त्याचे परिणाम झाले.

मुन्शी

मिहनाबद्दल थोडी भर. मामून मुताझिला होता असं सरसकट म्हणणं धोक्याचं आहे. कुराण निर्मित आहे हे मत मुताझिलांच्या आधीपासून इतरांचंही होतं. मामूनच्या दरबारातले बिश्र अल-मरीसी हेच मत मांडत, आणि ते मुताझिला नव्हते. मामूनला धर्माच्या बाबतीत शेवटचा शब्द खलिफाचा हवा होता, प्रेषितांची वचनं जपणाऱ्या मुहद्दिसांचा नको होता. पुढे मुख्य काझी इब्न अबी दुआद यांनी ही मोहीम नेटाने चालवली आणि ते मुताझिला होते, म्हणून सगळं खापर त्या पंथावर फुटलं. जुलूम दरबाराचा होता, नाव मुताझिलांचं लागलं.

गोलंदाज

मला वाटतं यांना गझालींनी संपवलं. त्यांनी ‘तत्त्वज्ञांचा विरोधाभास’ असं काहीतरी पुस्तक लिहून इब्न सीना वगैरे मुताझिलांना काफिर ठरवलं, आणि मग इब्न रश्दने उत्तर दिलं. शाळेत असताना एका व्याख्यानात ऐकलं होतं. इब्न सीना मुताझिलांच्या कुठल्या शाखेचे होते?

मुन्शी

गोलंदाज, इब्न सीना मुताझिला नव्हते. ते ॲरिस्टॉटलच्या परंपरेतले तत्त्वज्ञ. मुताझिला हे धर्मशास्त्री. दोघांचं आपसात पटत नसे. मुताझिला मानत की विश्व ईश्वराने काळाच्या एका बिंदूवर शून्यातून निर्माण केलं. इब्न सीना विश्व अनादि मानत. गझालींचं ते पुस्तक 1095 च्या सुमाराचं आहे आणि रोख तत्त्वज्ञांवर आहे. त्यात त्यांनी स्वतःच म्हटलंय की या लढाईत मी सगळ्या पंथांना, मुताझिलांनाही, एका बाजूला घेतोय. तोवर बगदादमध्ये मुताझिलांचा जोर ओसरलाही होता.

शमा_सोलापूर

मी इथे क्वचितच लिहिते. रेवतीताई, तुमचं पहिलंच उदाहरण वाचून थांबले. माझे मामू दारू प्यायचे. शेवटपर्यंत सुटली नाही आणि अचानक गेले, तौबा करायला वेळच मिळाला नाही. माझी नानी दर जुम्मेरातला त्यांच्या नावाने फातिहा द्यायची आणि म्हणायची, हुजूरच्या शफाअतीने माझं लेकरू सुटेल. तुमचे हे काझी नानीला काय म्हणाले असते?

रेवती_ना

शमाताई, तुमच्या प्रश्नाला मी गुळमुळीत उत्तर देणार नाही. अब्दुल जब्बार यांच्या मते प्रेषितांची शफाअत, म्हणजे शिफारस, आहे, पण ती पश्चात्ताप केलेल्यांसाठी आहे, त्यांचा दर्जा वाढवण्यासाठी. पश्चात्तापाविना गेलेल्या घोर पाप्यासाठी ती नाही. एक फट ते ठेवतात: तौबा मनातल्या मनात होते, खऱ्या खेदाने आणि पुन्हा न करण्याच्या निश्चयाने. तिला साक्षीदार लागत नाही. तुमच्या मामूंच्या मनात शेवटच्या घटकेला काय होतं हे काझींना कळलं नसतं, त्यांनी फार तर मौन पाळलं असतं.

पण तुमच्या नानींना मौन नको होतं, आशा हवी होती. मुताझिलांचे विरोधक, अशअरी आणि हदीसवाले, दोघेही ती देत होते: पापी मुसलमान ईश्वराच्या मर्जीवर आहे, तो माफ करू शकतो, आणि नरकात गेला तरी शफाअतीने कधीतरी बाहेर येईल. मुताझिलांच्या घसरणीमागे हे मोठं कारण आहे असं मला वाटतं. ज्या ईश्वराला दया करायचीही मोकळीक नाही, त्याच्याकडे आई कशी जाणार?

मुन्शी

इथे मी सहमत नाही. विचार भावनेला पटत नाही म्हणून संपतो, हे मागे वळून बघताना सोपं वाटतं. खारिजींची शिकवण याहून कडक, तरी त्यातले इबाझी ओमानमध्ये आजही आहेत, आणि घोर पापी कायम नरकात हे तेही मानतात. मला विचाराल तर मुद्दा संस्थांचा आहे.

बघा, त्या काळात धर्मशास्त्रावर पोट भरत नसे. पोट फिक्हवर, म्हणजे कायद्यावर भरे. काझीपद, फतवे, मदरशाची नोकरी सगळं कायद्याच्या मजहबमधून, म्हणजे परंपरेतून, मिळे. बहुतेक मुताझिला हनफी होते (अब्दुल जब्बार स्वतः शाफिई, हा अपवाद). म्हणजे मुताझिला विचार हनफी मजहबच्या खांद्यावर बसून जगत होता. 1017 मध्ये अब्बासी खलिफा कादिरने त्याच खांद्यावर घाव घातला. मुताझिलांकडे झुकलेल्या हनफी फकीहांना बोलावून जाहीर तौबा करायला लावली. नंतर त्याने काढलेली श्रद्धापत्रिका दरबारात वाचून दाखवली जाऊ लागली.

1029 मध्ये गझनीच्या महमूदने रय्य घेतलं. आपल्याकडे तो सोमनाथसाठी ठाऊक आहे, पण रय्यमध्ये त्याने तत्त्वज्ञांची आणि मुताझिलांची पुस्तकं जाळली आणि मुताझिलांना खुरासानला हद्दपार केलं. अब्दुल जब्बार यांना जाऊन जेमतेम चार वर्षं झाली होती.

मग सेल्जुक तुर्क आले. सुरुवातीला त्यांचा वजीर अल-कुंदुरी याने निशापुरात उलटंच केलं, अशअरींनाच मशिदीच्या मिंबरावरून शाप द्यायला लावला, आणि जुवैनींसारख्या अशअरी विद्वानाला शहर सोडून जावं लागलं. पण कुंदुरीची जागा निझामुल मुल्कने घेतली आणि वारं फिरलं. 1067 मध्ये बगदादचा निझामिया मदरसा उघडला, तो शाफिई कायद्यासाठी, आणि शाफिईंमध्ये अशअरी बळकट होते. हनफी हळूहळू समरकंदच्या मातुरीदी या दुसऱ्या धर्मशास्त्रीय परंपरेकडे वळले. आता मुताझिला विद्यार्थ्याने शिकून जायचं कुठे?

एक उदाहरण देतो. इब्न अकील हा तरुण हनबली विद्वान बगदादमध्ये गुपचूप अबू अली इब्न अल-वलीद या मुताझिला गुरूकडे शिकायला जाई. हनबलींना कळलं. काही वर्षं लपून काढल्यावर 1072 मध्ये त्याला आपली मतं मागे घेत असल्याचं जाहीरपणे वाचून दाखवावं लागलं. गुरू तर लोकांच्या भीतीने वर्षानुवर्षं घराबाहेरच पडत नसे. ज्या शहरात मामूनच्या माणसांनी इब्न हनबल यांची तपासणी केली तिथेच हे झालं.

पंतोजी

सुंदर चर्चा. माझा अभ्यास न्याय-मीमांसेचा, अरबी येत नाही. पण वाचताना सारखं आठवत होतं की वेद अपौरुषेय आणि नित्य आहेत असं मीमांसक म्हणतात, आणि नैयायिक म्हणतात की वेद ईश्वराने केले, आणि कर्ता विश्वसनीय म्हणूनच ते प्रमाण. उदयनाचार्य आधी ईश्वर अनुमानाने सिद्ध करतात. हा वाद म्हणजे कुराण निर्मित की अनिर्मित या वादाचंच रूप नाही का? मुताझिला म्हणजे अरबी नैयायिक म्हणता येतील?

रेवती_ना

पंतोजी, अर्ध्यापर्यंत येतं. ‘ग्रंथाचं प्रामाण्य कर्त्याच्या विश्वसनीयतेवर, आणि ती आधी तर्काने सिद्ध करायची’ हा सांधा दोन्हीकडे सारखा आहे, आणि हे साम्य मला तुमच्यामुळेच दिसलं. पण मीमांसक ईश्वराशिवायच वेद नित्य मानतात. कुराण अनिर्मित म्हणणारा कुणीही त्याला ईश्वरापासून तोडत नाही, तो ते ईश्वराच्या ज्ञानासारखं, वाणी या गुणासारखं मानतो. शिवाय मुताझिलांना ईश्वराला वेगळे गुण चिकटवणंच मान्य नव्हतं. तो जाणतो, पण ‘ज्ञान’ नावाचं वेगळं काही त्याच्याजवळ नाही. नैयायिकांचा ईश्वर मात्र नित्य ज्ञान, इच्छा, प्रयत्न या गुणांनी युक्त आहे ना? तिथे ते अशअरींच्या जवळ जातात.

पंतोजी

हो, बरोबर. गुण हा न्याय-वैशेषिकांत द्रव्याहून वेगळाच पदार्थ. म्हणजे एका प्रश्नात ते मुताझिलांसारखे आणि दुसऱ्यात विरुद्ध. याचा आणखी विचार करायला हवा. तुम्ही अशअरींचा उल्लेख करता, पण अशअरी स्वतः कोण, त्यांनी फारकत का घेतली, हे आलंच नाही.

मुन्शी

अबुल हसन अल-अशअरी हे बसऱ्याच्या अल-जुब्बाईंचेच शिष्य. 912 च्या सुमारास चाळिशीत असताना त्यांनी गुरूंची वाट सोडली. त्यामागची गोष्ट प्रसिद्ध आहे. ते गुरूंना विचारतात: तीन भाऊ आहेत. एक श्रद्धावान म्हणून मेला, दुसरा काफिर म्हणून, तिसरा लहानपणीच गेला. त्यांचं काय होईल?

जुब्बाई म्हणतात, पहिल्याला स्वर्गातला उच्च दर्जा, दुसऱ्याला नरक, मूल सुखरूप.

मुलाने थोरल्या भावाचा दर्जा मागितला तर? ईश्वर म्हणेल, तो त्याने सत्कर्मं करून मिळवला.

मूल म्हणेल, मला जगू दिलं असतंस तर मीही केली असती. त्यावर ईश्वर म्हणेल, मला माहीत होतं की मोठा होऊन तू पाप केलं असतंस, म्हणून तुझ्या भल्यासाठीच लवकर नेलं.

तेव्हा नरकातून दुसरा भाऊ ओरडेल: माझंही तुला माहीत होतं, मग मला का नाही लहानपणी नेलंस?

जुब्बाई निरुत्तर झाले, असं सांगतात. अशअरींची वाट पुढे अशी जाते की ईश्वर जे करतो ते न्यायच, कारण सगळं त्याच्या मालकीचं आहे आणि त्याच्यावर कुणाचा कायदा नाही.

रेवती_ना

ही गोष्ट ज्या बाणाने जुब्बाईंना पाडते तो त्यांना लागतच नाही, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ईश्वराने प्रत्येकासाठी सगळ्या बाबतींत सर्वांत हितकर तेच करायला हवं, हे मत मुताझिलांच्या बगदाद शाखेचं. जुब्बाई बसरा शाखेचे. त्यांच्या मते माणसावर धर्माची जबाबदारी टाकल्यावर ती पार पाडायला लागणारी मदत देणं ईश्वराला बंधनकारक आहे: बुद्धी, सामर्थ्य, प्रेषित. कुणाला किती आयुष्य द्यायचं हे बंधन त्यात नाही. जगण्याची संधी ही देणगी, ती काफिर झालेल्या भावालाही मिळाली आणि ती वाया घालवली त्याने. जुब्बाईंना हे उत्तर सुचलं नसेल हे शक्य वाटत नाही. अशअरींच्या स्वतःच्या ग्रंथांत ही गोष्ट येत नाही, ती नंतरच्या लोकांनी रंगवलेली असावी.

तरी तिचा काटा पूर्ण निघत नाही. ज्याचा शेवट वाईट होणार हे ठाऊक आहे त्याच्यावर जबाबदारी टाकणं ही देणगी कशी, हा प्रश्न बसरावाल्यांना शेवटपर्यंत छळत राहिला.

तर्कट

म्हणजे विरोधकांनीही तर्कानेच उत्तर दिलं. हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं अशअरी म्हणजे तर्कबंदी.

मुन्शी

तर्कबंदी हवी होती ती हनबलींना. अशअरी आणि त्यांच्या शिष्यांनी वादाची सगळी पद्धत मुताझिलांकडून घेतली. विश्व अविभाज्य कणांचं बनलेलं आहे ही अबुल हुझैल यांची मांडणीसुद्धा, आणि ती ईश्वराच्या सर्वशक्तिमत्तेसाठी वापरली. ज्याला तर्काची भूक होती त्याला आता मुताझिला होण्याची गरज उरली नाही. मदरशात नोकरी, लोकांत मान, आणि तर्कही, तिन्ही मिळू लागलं.

हैदर_डोंगरी

धागा उशिरा पाहिला. तुम्ही सगळे ‘संपले’ म्हणताय, पण आम्ही शिया मुलं मदरशात पहिल्यांदा पाठ करतो ती दीनची पाच मुळं अशी: तौहीद, अद्ल, नबुव्वत, इमामत, कयामत. दुसऱ्याच नंबरला अद्ल, म्हणजे न्याय. सुन्नी मित्रांच्या यादीत तो वेगळा नसतो, याचं लहानपणी मला नवल वाटायचं. हा मुताझिलांचाच ना?

रेवती_ना

हैदर, हो, मुख्यतः त्यांच्याच संगतीतून. दहाव्या-अकराव्या शतकात बगदादमध्ये शेख मुफीद बगदाद शाखेच्या जवळ होते आणि त्यांचे शिष्य शरीफ मुर्तझा बसऱ्याच्या. ईश्वराचा न्याय आणि माणसाचं कर्तृत्व त्यांनी घेतलं. पण पाप्याची मधली जागा आणि कायमचा नरक नाही घेतला. इमामांची शफाअत तुमच्याकडे पक्की आहे. शमाताईंच्या नानींना तुमच्या मशिदीत दोन्ही मिळालं असतं.

हैदर_डोंगरी

आमचे मौलाना म्हणतात की हे आम्ही मुताझिलांकडून घेतलं नाही, इमाम अलींच्या खुतब्यांतच आहे, उलट त्यांनीच आमच्याकडून घेतलं. मी त्यांच्या बाजूने आहे हे सांगून ठेवतो.

शमा_सोलापूर

रेवतीताई, उत्तर सरळ दिलंत, बरं वाटलं. मनातल्या तौबाला साक्षीदार लागत नाही हे नानीला सांगता आलं असतं तर आवडलं असतं. आता एक विचारते. आमच्याकडचे आलिम बैझावीची तफसीर, म्हणजे कुराणावरचं भाष्य, शिकतात, तिचं मूळ मुताझिला तफसीरमध्ये आहे असं कुणीतरी म्हणालं होतं. खरं का?

मुन्शी

खरं आहे. झमख्शरी हे ख्वारझमचे, 1144 मध्ये वारले, उघड मुताझिला. त्यांची ‘कश्शाफ’ ही तफसीर अरबी भाषेच्या जाणकारीत इतकी सरस होती की सुन्नींना ती टाळता येईना. बैझावींनी तिचा आधार घेऊन, मुताझिला मतं बरीचशी गाळून आपली तफसीर रचली, आणि तीच हिंदुस्थानातल्या मदरशांत शिकवली गेली.

ख्वारझममध्ये हा विचार मंगोल स्वारीनंतरही टिकून होता. 1333 च्या सुमारास इब्न बतूता तिथे गेला तेव्हा तिथले विद्वान बहुतेक मुताझिला आहेत, पण सुलतान आणि त्याचा अमीर सुन्नी असल्यामुळे ते उघड करत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलं. रेवतीताई, हा माझ्या बाजूचा पुरावा धरा. विचार पटेनासा झाला नव्हता, राज्य बाजूला नव्हतं.

रेवती_ना

धरते, पण मग ते पुढच्या पिढ्यांत का विरले? लपून जगलेले इतर पंथ टिकलेत. तिथे पुन्हा माझा प्रश्न येतो की घरातल्या माणसांना या विचारातून काय मिळत होतं.

राज्याची बाजू किती लागते याचं उत्तम उदाहरण येमेनमध्ये आहे. बाराव्या शतकात झैदी इमामांच्या आश्रयाने काझी जाफर इब्न अब्दुस्सलाम यांनी इराक-इराणमधून मुताझिला हस्तलिखितं येमेनला आणली. झैदी शियांनी ती शिकवली, उतरवून घेतली. तिकडे मूळ प्रदेशात अब्दुल जब्बार यांचा ‘मुग्नी’ हा वीस खंडांचा ग्रंथ नाहीसा झाला होता, विरोधकांच्या अवतरणांतून जेवढा दिसे तेवढाच. 1951-52 मध्ये इजिप्तच्या विद्वानांचं पथक येमेनमध्ये पोचलं आणि त्यातले चौदा खंड सापडले. त्याआधी मुताझिलांबद्दल जे लिहिलं गेलं ते बहुतांशी त्यांच्या शत्रूंच्या शब्दांत होतं.

पहिले तीन खंड अजून हाती नाहीत. तेरावा आणि चौदावा आहेत, आणि ईश्वराने माणसाला किती मदत करायला हवी, सर्वांत हितकर ते करणं त्याला बंधनकारक आहे का, हा तीन भावांचा सगळा वाद त्यांतच आहे. पंतोजी, तुमच्याकडे उदयनाचार्यांचा ईश्वर जगाची निर्मिती करताना जीवांच्या अदृष्टाला बांधलेला असतो ना? त्यावर थोडं लिहाल का? तिथे हा प्रश्न पूर्वकर्माने सुटतो, आणि मुताझिलांकडे पूर्वजन्मच नाही.